मूळ मृत्युपत्र सापडत नाही, हातात फक्त झेरॉक्स आहे, मग कोर्टात काय दाखवावं लागतं?

शिवाजीनगर कोर्टात मी दिवाणी केसेस बघते, आणि वर्षातून तीन-चार वेळा तरी कुणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक झेरॉक्स घेऊन येतं आणि विचारतं की मॅडम, बाबांचं मृत्युपत्र आहे पण ओरिजिनल सापडत नाहीये, ही झेरॉक्स चालेल का. बहुतेकांना आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, एक जण म्हणतो झेरॉक्सला कोर्टात शून्य किंमत, दुसरा म्हणतो रजिस्टर्ड असेल तर काळजीच नको. दोन्ही चूक आहे. झेरॉक्सवरून मृत्युपत्र सिद्ध होऊ शकतं, कायद्यात तशी सोय आहे, फक्त खरी लढाई झेरॉक्सवर होतच नाही, ती होते ओरिजिनल शेवटचं कुणाच्या हातात होतं आणि ते कसं गेलं या प्रश्नावर. लोक तयारी करतात झेरॉक्सची, आणि हरतात या दुसऱ्या प्रश्नावर.

समजायला सोपं जावं म्हणून एक घर डोळ्यासमोर आणू. कोथरूडमध्ये एक आजोबा, रिटायर्ड मास्तर, पत्नी आधीच वारलेली, एक मुलगा एक मुलगी. फ्लॅट आजोबांनी स्वतःच्या पैशातून घेतलेला. मार्च 2016 मध्ये त्यांनी टाइप केलेलं मृत्युपत्र केलं, फ्लॅट मुलीला, बँकेतल्या ठेवी मुलाला. साक्षीदार दोन, शेजारचे काका आणि शाळेतले एक जुने सहकारी. रजिस्टर केलं नाही, आणि कायद्याने करायलाच पाहिजे असं नाही. त्याच दिवशी मुलीने कोपऱ्यावरच्या दुकानातून एक झेरॉक्स काढून आपल्याकडे ठेवली, ओरिजिनल निळ्या फाइलमध्ये आजोबांच्या गोदरेजच्या कपाटात गेलं. सप्टेंबर 2021 मध्ये आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, अंथरुणाला खिळले. जानेवारी 2022 मध्ये भाचा मेडिक्लेमचे कागद शोधत होता तेव्हा त्याने ती निळी फाइल उघडली, मृत्युपत्र पाहिलं, परत ठेवलं. ऑगस्ट 2022 मध्ये आजोबा गेले. नोव्हेंबरमध्ये बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, घर रिकामं केलं, अर्धं सामान मुलाच्या हडपसरच्या घरी आणि अर्धं भाड्याच्या गोडाऊनमध्ये. फेब्रुवारी 2023 मध्ये मुलीने फाइल मागितली तर कुणाला माहीतच नाही. आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये मुलाने वाटपाचा दावा टाकला, म्हणणं असं की मृत्युपत्र वगैरे काही नाही, असलंच तर बाबांनीच फाडून टाकलं असणार, मला अर्धा हिस्सा द्या. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने दोघांना अर्धं-अर्धंच मिळणार, त्यामुळे सगळं त्या झेरॉक्सवर येऊन थांबतं.

पुण्यात हिंदू माणसाने पुण्यातल्या प्रॉपर्टीबद्दल केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झाल्याचा कोर्टाचा दाखला, घ्यायलाच पाहिजे अशी सक्ती नाही, त्यामुळे ही मुलगी भावाच्याच दाव्यात बचाव म्हणून मृत्युपत्र मांडू शकते. मृत्युपत्रात अंमलबजावणीसाठी तिलाच नेमलेलं असेल तर तिने प्रोबेटचा अर्ज केला तरी चालेल, तिथे भारतीय वारसा कायदा 1925 चं कलम 237 थेट याच प्रसंगासाठी आहे. ते म्हणतं की मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूनंतर मृत्युपत्र हरवलं किंवा कुठे ठेवलंय ते सापडत नाही, किंवा कुणाच्या गैरकृत्याने वा अपघाताने नष्ट झालं, पण करणाऱ्याने स्वतः ते नष्ट केलेलं नाही, आणि त्याची प्रत किंवा मसुदा जपलेला आहे, तर त्या प्रतीवर प्रोबेट देता येतं. हे वाक्य दोनदा वाचा. कलम नुसतं प्रत आहे का एवढं विचारत नाही, ते विचारतं कधी हरवलं आणि कुणामुळे.

आजोबांनीच फाडलं नाही कशावरून?

वारसा कायद्याच्या कलम 70 प्रमाणे मृत्युपत्र करणारा माणूस ते रद्द करायच्या हेतूने जाळून, फाडून किंवा दुसऱ्या प्रकारे नष्ट करू शकतो, किंवा आपल्या समोर, आपल्या सांगण्यावरून दुसऱ्याकडून करवून घेऊ शकतो. तसं झालं तर मृत्युपत्र संपलं, मग तुमच्याकडे दहा झेरॉक्स असल्या तरी काही उपयोग नाही. याच्या उलटही लक्षात ठेवा, आजोबांना न विचारता मुलाने किंवा सुनेने फाडलं तर मृत्युपत्र रद्द होत नाही. आणि आजोबांनी फक्त झेरॉक्स फाडली, ओरिजिनल तसंच ठेवलं, तरीही रद्द होत नाही.

आता अडचण ही की आजोबा सांगायला नाहीत. म्हणून इंग्लंडमधल्या कोर्टांनी एक गृहीतक धरलं, मृत्युपत्र शेवटचं करणाऱ्याच्याच ताब्यात होतं आणि मृत्यूनंतर सापडलं नाही, तर त्यानेच रद्द करायच्या हेतूने नष्ट केलं असं समजायचं, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी मृत्युपत्र मांडणाऱ्यावर. आपल्याकडे हे गृहीतक तेवढं घट्ट मानत नाहीत. सुप्रीम कोर्टाने दुर्गा प्रसाद विरुद्ध देवी चरण या केसमध्ये (1979 च्या रिपोर्टमध्ये आहे ती) यावर विचार केला, आणि आपल्याकडे हे गृहीतक यांत्रिकपणे लावायचं नाही, परिस्थिती बघूनच ठरवायचं, असा त्याचा रोख आहे. मला हे पटतं, कारण आपल्या घरांमध्ये कपाटाची किल्ली एकाकडेच असते असं कुठे असतं, सुनेकडे असते, देवघराच्या खणात असते, कामाच्या मावशींना पण ठाऊक असते. पण कमकुवत म्हणजे नाहीच असं समजून बसू नका, समोरचा वकील पहिल्याच दिवशी हेच काढतो.

आपल्या केसमध्ये हे गृहीतक मोडणारा माणूस म्हणजे भाचा. त्याने जानेवारी 2022 मध्ये फाइल पाहिली, म्हणजे झटक्याच्या चार महिन्यांनंतर. त्या दिवसापासून मृत्यूपर्यंत आजोबा पलंगावरून उठूच शकत नव्हते, कपाट दुसऱ्या खोलीत. हे नुसतं म्हणून चालत नाही, हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी, फिजिओथेरपीच्या नोंदी, घरी येणाऱ्या डॉक्टरांची साक्ष, असं सगळं लागतं. पण चांगला वकील इथे लगेच विचारेल, उठता येत नव्हतं ठीक आहे, बोलता तर येत होतं ना, मग त्यांनी कुणाला तरी सांगून समोर फाडायला लावलं असेल. कलम 70 तशी वाट ठेवतंच. म्हणून त्या काळात दिवसरात्र जवळ असलेले अटेंडंट दादा साक्षीला आणावे लागतात, त्यांनी सांगायचं की आजोबांनी असा कुठलाही कागद कधी मागवला नाही की फाडायला लावला नाही. आणि आजोबांचं मन बदललं होतं का हेही बघितलं जातं. शेवटच्या वर्षात ते भाच्याला म्हणाले असतील की घर पोरीचंच आहे, तर ते बोलणं त्यांचा हेतू काय होता हे दाखवायला उपयोगी पडतं, आणि तसं एखादं पत्र किंवा डायरीतली नोंद मिळाली तर फारच उत्तम. उलट त्या वर्षात मुलीशी मोठं भांडण झालं होतं, अबोला होता, असं काही असेल तर ते आपल्या वकिलाला आधीच सांगा, कारण उलटतपासणीत ते येणारच आहे आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं तर सावरायला वेळ नसतो.

भाचा नसता तर? समजा फाइल शेवटची 2017 मध्ये पाहिली गेली असती आणि आजोबा त्यानंतर चार वर्षं ठणठणीत हिंडत होते, स्वतःचं कपाट स्वतः आवरत होते, तर केस बरीच अवघड झाली असती. झेरॉक्स तीच, साक्षीदार तेच, तरीही.

हरवलं हे कसं दाखवायचं

दुय्यम पुरावा म्हणजे मूळ कागदाऐवजी त्याची प्रत किंवा तो पाहिलेल्या माणसाची साक्ष. तो केव्हा चालतो हे आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 60 मध्ये आहे, 1 जुलै 2024 च्या आधी चालू झालेल्या केसेसना जुन्या पुरावा कायद्याचं कलम 65 लागतं, तत्त्व तेच. ओरिजिनल हरवलं, नष्ट झालं, किंवा समोरच्याच्या ताब्यात आहे आणि नोटीस देऊनही तो आणत नाही, तर प्रत देता येते, पण हे कारण आधी शाबित करायचं. सुप्रीम कोर्टासमोर 2007 मध्ये बेंगा बेहेरा म्हणून एक केस होती, त्यात मृत्युपत्र रजिस्टर्ड होतं, सर्टिफाइड कॉपी पण होती, तरी ओरिजिनल हरवल्याचा पुरावा समाधानकारक नव्हता आणि तेच बाजू मांडणाऱ्याच्या अंगाशी आलं.

म्हणून शोध घेतला हे तारखांसकट सांगावं लागतं. मुलीच्या शपथपत्रात यायला पाहिजे की फाइल कुठे होती, घर कोणत्या तारखेला रिकामं केलं, सामान कुणी बांधलं, कोणते खोके कुठे गेले, गोडाऊनमध्ये कधी जाऊन कुणासोबत शोधलं, बँकेचा लॉकर उघडून बघितला का, ज्या वकिलांनी मसुदा केला त्यांच्याकडे विचारलं का. टेम्पोवाल्याची पावती, गोडाऊनचं भाडं, असले किरकोळ कागद इथे सोन्यासारखे उपयोगी पडतात. पोलिसांत हरवल्याची नोंद केली तर ती जोडा, पण लोकांना वाटतं ती नोंद म्हणजेच पुरावा, तसं नाहीये, ती फक्त तुम्ही त्या तारखेला असं सांगितलं होतं एवढंच दाखवते. आणि अर्धं सामान भावाकडे गेलंय, त्यामुळे भावाला साक्ष्य अधिनियमाच्या कलम 64 खाली लेखी नोटीस द्यायची की ओरिजिनल तुझ्या ताब्यात असेल तर कोर्टात हजर कर. तो नाही म्हणेल, म्हणू दे, नोटीस रेकॉर्डवर आली पाहिजे.

इथे एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की जरा थांबून सांगते. सोसायटीला शेअर सर्टिफिकेटवर नाव लावायचा अर्ज करताना, किंवा तलाठ्याकडे फेरफाराला, लोक सरळ लिहितात की सोबत मूळ मृत्युपत्र जोडले आहे, आणि जोडलेली असते झेरॉक्स. दोन वर्षांनी कोर्टात म्हणतात ओरिजिनल 2022 मध्येच हरवलं. समोरचा तो अर्ज काढून दाखवतो आणि मग कुठलं वाक्य खरं मानायचं हा प्रश्न उभा राहतो. आणि खरंच ओरिजिनल तिथे दिलं असेल तर तसंच सांगा, लपवू नका. पंजाबमधल्या एका केसमध्ये ओरिजिनल मृत्युपत्र पटवाऱ्याकडे फेरफारासाठी दिलं आणि परत मिळालंच नाही, 2020 मध्ये जगमेल सिंग विरुद्ध करमजित सिंग या निकालात सुप्रीम कोर्टाने दुय्यम पुरावा द्यायची परवानगी दिली. पण त्याच निकालात हेही सांगितलं की परवानगी मिळाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं नाही.

झेरॉक्सवर साक्षीदार काय सांगतो

कारण मुख्य काम अजून बाकीच आहे. हातात ओरिजिनल असतं तरी मुलीला जे सिद्ध करावं लागलं असतं ते सगळं आताही करावं लागतंच, त्यात काही सूट नाही. वारसा कायद्याच्या कलम 63 प्रमाणे आजोबांनी सही केली, कमीत कमी दोन साक्षीदारांनी ती सही करताना पाहिली किंवा त्यांनी ही माझी सही आहे असं सांगितलेलं ऐकलं, आणि दोघांनी आजोबांच्या समोर सह्या केल्या. यातला निदान एक साक्षीदार जिवंत असेल आणि येऊ शकत असेल तर त्याला बोलवावंच लागतं.

आपल्या केसमध्ये शाळेतले सहकारी वारले, शेजारचे काका आहेत, वय 83. काकांना झेरॉक्स दाखवली जाते आणि त्यांनी सांगायचं असतं की ही माझ्या सहीची प्रत, मूळ कागदावर मी सही केली तेव्हा आजोबा समोर होते, त्यांनी माझ्या देखत सही केली. इथेच थांबले तर केस अर्धी राहते. दुसऱ्या साक्षीदारानेही आजोबांच्या समोर सही केली, हेही काकांनी सांगायला हवं, नाहीतर एका साक्षीदारावर काम भागत नाही. जानकी नारायण भोईर या आपल्याच महाराष्ट्रातून गेलेल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. आणि काकांना कोर्टाचे जिने चढवत नसतील तर कमिशन नेमून घरी साक्ष नोंदवायचा अर्ज लवकर करा, 83 वर्षांच्या माणसाच्या बाबतीत तारखा पडू देणं परवडत नाही. तेही नसते, म्हणजे दोन्ही साक्षीदार गेलेले असते, तर एका साक्षीदाराची सही आणि आजोबांची सही त्यांच्या हस्ताक्षरातली आहे हे ओळखणाऱ्या माणसांकडून शाबित करायची वाट आहे, पण झेरॉक्सवरच्या सहीवर हस्ताक्षरतज्ज्ञ फारसं ठाम बोलू शकत नाहीत, पेनचा दाब, उचल, शाई काहीच त्यात दिसत नाही, त्यामुळे ती वाट अरुंद आहे.

मग झेरॉक्स स्वतः. ती ओरिजिनलवरूनच काढली हे कुणीतरी स्वतःच्या माहितीतून सांगायला पाहिजे, इथे मुलगी सांगू शकते, कारण तीच दुकानात घेऊन गेली होती आणि तिने घरी येऊन पानं जुळवून बघितली. झेरॉक्सची झेरॉक्स असेल आणि ती ओरिजिनलशी किंवा ओरिजिनलवरून काढलेल्या पहिल्या झेरॉक्सशी कुणीच ताडून पाहिली नसेल तर ती दुय्यम पुरावा पण ठरत नाही. तिच्याकडे असलेली जुनी, पिवळी पडलेली पहिली झेरॉक्स म्हणून जपायची, लॅमिनेट करू नका, त्यावर पेनाने खुणा करू नका, वकिलांना द्यायला तिची वेगळी प्रत काढा. एका घरात मी असं पाहिलं की शेवटच्या पानावरच्या साक्षीदारांच्या सह्या कागद तिरका ठेवल्यामुळे अर्ध्या कापल्या गेल्या होत्या, आणि उलटतपासणीचा निम्मा वेळ त्यावरच गेला. मोबाईलमध्ये फोटो असेल तर तोही चालू शकतो, पण त्यासाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, आणि तो फोन विकू नका, बदलू नका.

कोर्टात झेरॉक्सवर निशाणी पडली की लोकांना वाटतं जिंकलो. निशाणी म्हणजे कागद वाचायला घेतला, खरा मानला असं नाही. आणि समोरच्याने निशाणी पडतानाच हरकत घेतली नाही तर ही झेरॉक्स आहे ही हरकत नंतर घेणं त्याला जड जातं, पण मृत्युपत्र नीट झालंय का हा प्रश्न तरीही खुलाच राहतो.

रजिस्टर्ड असतं तर

एक गोष्ट नक्की सोपी झाली असती, मजकुराची. मृत्युपत्रं सब रजिस्ट्रारकडे पुस्तक क्रमांक 3 मध्ये नोंदली जातात, करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कुणालाही मिळते. पुण्यात सब रजिस्ट्रारची हवेली या नावाची, क्रमांक दिलेली बरीच कार्यालयं आहेत, त्यामुळे कोणत्या क्रमांकाच्या हवेलीत आणि साधारण कोणत्या वर्षी झालं हे माहीत असलं तर शोध लवकर लागतो. नोंदणी कायद्याच्या कलम 57 प्रमाणे ती सही-शिक्क्याची नक्कल मूळ कागदात काय लिहिलं होतं हे सिद्ध करायला चालते. पण फक्त तेवढंच. सह्या कशा झाल्या यासाठी साक्षीदार लागतोच, सब रजिस्ट्रारने नोंदणीचं काम म्हणून केलेली सही आपोआप साक्षीदाराची सही होत नाही. मृत्युपत्राखाली माणूस शुद्धीत होता असं सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांचंही तसंच, त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली होती का, आजोबांना सही करताना पाहिलं का, हे विचारलं जातं. आणि आजोबांनी रजिस्टर्ड ओरिजिनल रद्द करायच्या हेतूने फाडलं असेल तर हवेलीतली नोंद त्याला परत जिवंत करत नाही.

आणि प्रत नाही, मसुदा नाही, काहीच नाही, असं असेल तर वारसा कायद्याचं कलम 238 आहे, मजकूर पुराव्याने सिद्ध करता आला तर त्या मजकुरावर प्रोबेट मिळू शकतं. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इंग्लंडचं, लॉर्ड सेंट लिओनार्ड्स 1875 मध्ये वारले, मृत्युपत्राची पेटी उघडली तर मृत्युपत्रच नाही, आणि त्यांच्या मुलीने अनेकदा वाचलेला मजकूर आठवणीतून सांगितला, 1876 मध्ये कोर्टाने तो मानला. मुलीचं म्हणणं सिद्ध व्हायला तिच्या वडिलांची इतर कागदपत्रं आणि बोलणंही जुळत होतं, नुसत्या आठवणीवर इमारत उभी नव्हती.

आपल्या कोथरूडच्या मुलीने समजा कलम 237 खाली प्रोबेट मागितलं आणि ते मिळालं, तरी ते मर्यादित असतं, ओरिजिनल किंवा त्याची नीट प्रमाणित प्रत हजर होईपर्यंतच. म्हणून मी अशा लोकांना सांगते की निकालानंतरही गोडाऊनमधले उरलेले खोके उघडून बघा. निळी फाइल मिळाली तर ती कोर्टापुढे आणायची, आणि त्यात नंतरच्या तारखेचं दुसरं मृत्युपत्र निघालं तर तेसुद्धा आणायचं, मग ते कुणाच्याही बाजूचं असो.